तीनातला एक कंटेनर रुपयात: हिंगण्याच्या एका आयातदाराचा प्रस्ताव

हिंगणा एमआयडीसीतला हा कारखाना इलॅस्टिक पट्टी विणतो. अंतर्वस्त्रं, ट्रॅकपँट, मोजे यांत लागते ती. पट्टीतला ताण देणारा रबराचा धागा मलेशियातून येतो. लॅटेक्सपासून धागा काढण्याच्या धंद्यात मलेशिया जुना आहे आणि या कारखान्याचा पुरवठादारही पंधराएक वर्षांपासून तोच. महिन्याला एक कंटेनर, बिल ५०,००० डॉलरच्या आसपास, पैसे जहाजावर माल चढल्यापासून ९० दिवसांनी. कंटेनर न्हावा शेवाला उतरतो आणि रेल्वेने नागपूरच्या आयसीडीत, म्हणजे कंटेनरांच्या कोरड्या बंदरात, येतो. दोन्ही पार्ट्यांची नावं इथे देत नाही. हिशेब समजावा म्हणून आकडे गोल केले आहेत, पण व्यवहाराची चौकट खरीखुरी आहे.

अडचण अशी की पट्टी विकली जाते रुपयात आणि गिऱ्हाइकांना भाव सहा-सहा महिने बांधून द्यावा लागतो. नफा विक्रीच्या सहा-सात टक्के. डॉलर ८४ रुपयांना असताना एका कंटेनरचे ४२ लाख होतात, ८८ झाला की तेच ४४ लाख. वरचे दोन लाख गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. २०२४ च्या दिवाळीआधी मालक माझ्याकडे आले ते हेच घेऊन. "डॉलर चढला की दरवेळी आपल्याच खिशातून काहून जावं जी? त्यानं रुपयात बिल करावं. झंझटच नाही."

मी त्यांच्याकडे जाईपर्यंत एक पत्र पुरवठादाराला गेलेलंही होतं. त्यात लिहिलं होतं की रुपया सतत घसरतो आहे, आमचं नुकसान होतं आहे, तरी पुढच्या वर्षी ८४ च्या दराने रुपयात बिल करावं, आपले जुने संबंध लक्षात घ्यावेत. उत्तर चार दिवसांत आलं आणि ते नम्र होतं. रुपयात बिल करायला हरकत नाही, फक्त भाव पाच टक्क्यांनी वाढेल.

मालकांना याचा राग आला. मला उत्तर अगदी अपेक्षित वाटलं. रुपया पडणार असं कारण देऊन तोच रुपया समोरच्याच्या हातात ठेवायला निघालो, तर तो पडण्याची किंमत आधीच लावणार. शिवाय क्वालालंपूरच्या कारखानदाराला रुपयाचं करायचं काय? तो त्याच्या बाजारात सहज खपत नाही, आणि पुढच्या तारखेचा दर बांधून घ्यायचा म्हटलं तर त्याची बँक भरपूर अंतर ठेवूनच दर देते. हा पाच टक्क्यांचा आकडा त्याने बहुधा अंदाजानेच लावला होता.

पण तो महाग की स्वस्त हे ठरवायला एक माप हाताशी असतं: आपल्याच बँकेतला फॉरवर्ड, म्हणजे आज दर ठरवून पुढच्या तारखेला डॉलर घेण्याचा करार. त्या काळात डॉलर-रुपयाचा फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे आजच्या दरावर लागणारी भर, वर्षाला दोन टक्क्यांच्या घरात होता. ८४ च्या दरावर तीन महिन्यांचे साधारण ४२ पैसे. बँकेची कमाई धरली तरी ६० पैशांत काम होतं. एका कंटेनरला ३०,००० रुपये. पुरवठादार त्याच जोखमीचे दोन लाख दहा हजार मागत होता. नुसत्या ९० दिवसांसाठी रुपयातलं बिल घेण्यात काहीच अर्थ नव्हता, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

मग फॉरवर्डच का घेत नाही? घेत होते, थोडाफार. पण फॉरवर्ड घ्यायला बँकेची मर्यादा लागते, ती यांची खेळत्या भांडवलातच खर्ची पडलेली. जहाज उशिरा आलं, ऑर्डर पुढे गेली, की करार पुढे ढकलण्याचा किंवा मोडण्याचा खर्च येतो. आणि मुख्य म्हणजे आज घेतलेला फॉरवर्ड आजच्या कंटेनरचा दर बांधतो. गिऱ्हाइकाला दिलेल्या सहा महिन्यांच्या भावात पुढचे पाच कंटेनर अजून ऑर्डरसुद्धा झालेले नसतात. तिथपर्यंत पोचायला पुरवठादाराशीच बोलावं लागणार होतं.

मधल्या काळात इतवारीतल्या एका व्यापारी मित्राने मालकांना सल्ला दिला की दुबईमार्गे माल घ्या आणि दिरहॅममध्ये बिल करा, भारत आणि अमिरातीचा स्थानिक चलनातल्या व्यवहाराचा करार झालाच आहे. करार झाला आहे हे खरं, जुलै २०२३ मध्ये. पण दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. दिरहॅमचं बिल म्हणजे दुसऱ्या नावाने डॉलरचंच बिल. जोखीम पैशाभराने कमी होत नाही, वर मधल्याचं कमिशन जातं.

दुसरं पत्र

दुसरं पत्र लिहायच्या आधी आम्ही पुरवठादाराला एवढंच विचारलं की तुमचा खर्च कोणकोणत्या चलनात होतो. या प्रश्नाला तो मोकळेपणाने बोलला, कारण यात त्याच्याकडून काही मागितलेलं नव्हतं. लॅटेक्सचा भाव जागतिक बाजाराबरोबर चालतो, म्हणजे डॉलरच्या अंगाने. गॅस, वीज, मजुरी मलेशियाच्या चलनात, रिंगिटमध्ये. आणि धागा एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याच्यावर जी टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्याची, पूड मारतात ती तो राजस्थानातून मागवतो. दर तिमाहीला चाळीस-पंचेचाळीस लाख रुपयांची. ते बिलही डॉलरमध्ये.

इथे प्रकरण फिरलं. हा माणूस दर तिमाहीला भारतात पैसे पाठवतो आणि आम्ही दर तिमाहीला भारतातून त्याला पाठवतो, दोघेही डॉलरच्या दारातून. त्याच्या हातात रुपये आले तर ते खपवायची एक जागा त्याच्याकडे आधीच होती.

व्यवहाराची वाटही मोकळी होती. रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने परदेशी बँकेला भारतातल्या बँकेत खास रुपया व्होस्ट्रो खातं उघडता येतं. भारतीय आयातदार त्या खात्यात रुपये भरतो आणि त्याच खात्यातल्या शिलकीतून भारतीय निर्यातदाराला रुपये मिळतात. मलेशियाशी असा व्यवहार सुरू होत असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. रुपयात पैसे आले तरी निर्यातीचे लाभ मिळतील, हे परकीय व्यापार धोरणात २०२२ च्या नोव्हेंबरातच घातलं गेलं, त्यामुळे राजस्थानातला टाल्कवालाही नाही म्हणण्याचं कारण नव्हतं. फक्त त्याला एक अट घालावी लागली: टाल्कचा भाव रुपयातच ठरला पाहिजे. डॉलरचा भाव त्या दिवशीच्या दराने रुपयात बदलून घेतला, तर आमचा पुरवठादार ८४ च्या दराने मिळालेले रुपये ८८ च्या दराने देऊन बसेल आणि सगळी जोखीम त्याच्याच गळ्यात. टाल्कवाल्याने वर्षाचा भाव रुपयात दिला आणि त्यासाठी एक टक्का जास्त मागितला. तो टक्का आम्ही आणि पुरवठादाराने निम्मा-निम्मा उचलला.

दुसऱ्या पत्रातल्या प्रस्तावाचा गाभा असा होता. तिमाहीतल्या तीन कंटेनरांपैकी एकाचं बिल रुपयात, ४२ लाख, वर्षभर पक्कं. उरलेल्या दोघांचं बिल डॉलरमध्येच. मूळ दर ८४. त्याच्या वर-खाली दोन टक्क्यांचा पट्टा, म्हणजे ८२.३२ ते ८५.६८. दर पट्ट्यात राहिला तर कुणी कुणाला काही द्यायचं नाही, जे होईल ते आमचं. पट्ट्याबाहेर गेला, तर बाहेर गेलेला तेवढाच तुकडा दोघांत अर्धा-अर्धा. दर कुठला धरायचा? एफबीआयएल ही बाजारातले मानक दर ठरवणारी संस्था रोज दुपारी जाहीर करते तो संदर्भ दर. दोन्ही बाजूंना तो उघड दिसतो आणि कुणाच्या बँकेचा नसतो.

पत्राच्या पहिल्या आवृत्तीत एका मालाचं बिल दोन भागांत करायचं ठरलं होतं, ३० टक्के रुपयात आणि ७० टक्के डॉलरमध्ये. कस्टम हाउस एजंटने ते बघताच हात जोडले. एकाच कंटेनरात, एकाच मालाचे, दोन चलनांतले दोन भाव मूल्यांकन अधिकाऱ्यासमोर गेले की पहिला प्रश्न येणार की खरा भाव कुठला. रुपयातल्या बिलाचं मूल्य जसंच्या तसं धरलं जातं, डॉलरचं बिल सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेल्या दराने रुपयात बदलतं. दोन आकडे जुळणारच नाहीत. म्हणून अख्खा कंटेनर एका चलनात.

८८ ला काय, ८१ ला काय

मालकांना पटलं ते हिशेब कागदावर मांडल्यावर. समजा डॉलर ८८ झाला. जुन्या पद्धतीने तिमाहीचे तीन कंटेनर १३२ लाखांना पडले असते. ८४ ला ते १२६ लाखांचे होते, म्हणजे सहा लाखांचा फटका.

नव्या पद्धतीत रुपयाचा कंटेनर ४२ लाखच. डॉलरच्या कंटेनरांत दर पट्ट्याच्या वर २ रुपये ३२ पैसे गेला, त्यातले १ रुपया १६ पैसे पुरवठादाराचे. आम्हाला दर पडला ८६.८४, एक कंटेनर ४३.४२ लाखांना, दोन ८६.८४ लाखांना. एकूण १२८.८४ लाख. फटका सहावरून २.८४ लाखांवर आला.

वाचलेल्या ३.१६ लाखांत पुरवठादाराने प्रत्यक्षात सोडले फक्त १.१६ लाख. उरलेले दोन लाख रुपयातल्या कंटेनरने वाचवले आणि त्यासाठी त्याच्या खिशातून काही गेलं नाही, कारण ते रुपये टाल्कला लागले. माझ्या मते सगळ्या वाटाघाटीत पुरवठादाराला सर्वांत जास्त पटलं ते हेच. तिमाहीच्या दीड लाख डॉलरच्या धंद्यावर त्याचा त्याग एक टक्क्यापेक्षा कमी होता आणि पहिल्या पत्राला त्याने पाच टक्के मागितले होते.

उलट बाजू मी मालकांपुढे मुद्दाम ठेवली. डॉलर ८१ झाला, तर जुन्या पद्धतीने १२१.५ लाख लागले असते. नव्या पद्धतीत रुपयाचा कंटेनर ४२ लाखांचाच राहील आणि डॉलरचे दोन ८१.६६ च्या दराने पडतील. एकूण १२३.६६ लाख. म्हणजे दोन लाखांहून जास्त आपण पुरवठादाराला जास्त देऊ, आणि तेव्हा कुरकुर करायची नाही. मालक म्हणाले, रुपया मजबूत होताना मी आजवर पाहिला नाही. मी म्हटलं, हेच वाक्य पुरवठादारासमोर बोलू नका.

बिल बदलायचं की पुढचा भाव

करारातला सर्वांत नाजूक भाग गणिताचा नव्हता. वाटणीची रक्कम द्यायची कशी, हा होता. सरळ मार्ग वाटतो तो असा की ९० दिवसांनी पैसे भरताना ५०,००० ऐवजी ४९,३४१ डॉलर पाठवायचे. पण बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं विवरण, ५०,००० ची दाखल झालेली असते. आयातीच्या पेमेंटवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत ती तेवढ्याच रकमेने बंद व्हावी लागते, नाहीतर उरलेली रक्कम थकबाकी म्हणून दिसत राहते आणि बँक विचारणा करते. क्रेडिट नोट लावता येते, पण दर महिन्याला क्रेडिट नोट लावणाऱ्या आयातदाराकडे कस्टम्स वेगळ्या नजरेने बघतं. शुल्क ठरतं व्यवहारमूल्यावर, सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे. आयातीनंतर भाव बदलण्याची तरतूद करारात असेल, तर मूल्य अंतिम नाही असं धरून कलम १८ खाली तात्पुरती आकारणी होऊ शकते. मग बाँड, हमी, आणि प्रत्येक कंटेनरची फाइल उघडी.

म्हणून आम्ही वाटणी मागच्या बिलावर न लावता पुढच्या भावात घातली. एका तिमाहीच्या सरासरी दरावरून पुढच्या तिमाहीचा डॉलरमधला भाव ठरणार. प्रत्येक बिल ज्या दिवशी निघालं त्या दिवशी अंतिम. कस्टम्सला आणि बँकेला एकच आकडा दिसतो आणि तोच भरला जातो. याची किंमत आहे, ती पुढे दिसलीच.

करार नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, पहिले कंटेनर जानेवारी २०२५ चे.

रुपयातलं पहिलं पेमेंट अडकलं. इथल्या शाखेने ते मुंबईच्या परकीय चलन विभागाकडे पाठवलं आणि तिथून ते मलेशियन बँकेच्या खास खात्याऐवजी तिच्याच दुसऱ्या, साध्या रुपया खात्यात गेलं. आमच्या खात्यातून पैसे वजा, पुरवठादाराकडे काही नाही, आणि तिकडे टाल्कवाला थांबलेला. आठवड्याहून जास्त काळ दोन्ही बँका एकमेकांना संदेश पाठवत राहिल्या. माल आधीच सुटलेला होता म्हणून निभावलं. कागदपत्रं पैशांवर अडलेली असती तर कंटेनरला विलंबशुल्क लागलं असतं. त्यानंतर नियम केला: माल निघायच्या आधी पुरवठादाराच्या बँकेकडून खास खात्याचा पूर्ण तपशील लेखी मागवायचा, आणि वर्षाच्या सुरुवातीला एक छोटी रक्कम पाठवून वाट तपासायची. ५ ऑगस्ट २०२५ पासून अशी खाती उघडायला बँकांना रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागत नाही. पण शाखेतल्या माणसाला हा व्यवहार माहीत असण्याशी त्याचा संबंध नाही.

वर्षभरात

जानेवारी ते मार्चमध्ये रुपया चांगलाच घसरला, फेब्रुवारीत डॉलर ८८ च्या जवळ गेला. तिमाहीची सरासरी ८६.६ च्या आसपास. पट्ट्याच्या वर ९२ पैसे, त्यातले निम्मे ४६. पुढच्या तिमाहीचं डॉलरमधलं बिल ५०,००० वरून ४९,७३४ वर आलं. रक्कम लहान, पण न भांडता आली.

एप्रिल ते जूनमध्ये रुपया सावरला. सरासरी पट्ट्याच्या आतच राहिली, अगदी काठाला. म्हणजे ज्या तिमाहीत आम्हाला फारशी गरज नव्हती त्या तिमाहीत सवलत मिळाली, आणि तिच्या सरासरीवरून जुलै ते सप्टेंबरचा भाव पुन्हा पूर्ण ५०,००० झाला. नेमका त्याच तिमाहीत डॉलर ८७ आणि ८८ पार करत गेला. मालकांचा फोन आला की हे उलटंच चाललंय. उलटं नव्हतं, तीन महिने उशिराचं होतं. पुढच्या भावात वाटणी घालण्याची जी किंमत म्हणालो ती ही. दर एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर उशीर फारसा जाणवत नाही, वर-खाली हेलकावत असेल तर चुकीच्या तिमाहीत सवलत येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या वर्षासाठी बोलणी सुरू झाली, तेव्हा पुरवठादाराने त्याचा तक्ता पुढे केला. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला साडेचारच्या जवळ रिंगिट मिळत होते, आता ४.२ च्या आसपास. त्याचं डॉलरमधलं बिल तेच, हातात येणारे रिंगिट सहाएक टक्क्यांनी कमी, आणि मजुरी-गॅस तर रिंगिटमध्येच. आमच्या कलमात फक्त डॉलर-रुपया होता. त्याची खरी दुखती बाजू डॉलर-रिंगिट होती आणि ती कलमात कुठेच नव्हती. त्याची मागणी अशी की मूळ दर ८८ वर न्या, म्हणजे गेल्या वर्षभराची घसरण आता तुमची.

हे पचायला कठीण होतं, पण मूळ दर ८४ वरच अडवून ठेवला असता तर तो भाव वाढवून तेच वसूल करणार होता. तेवढ्यात आमच्या गिऱ्हाइकांचे नवे भावही ८८ धरून ठरले होते. म्हणून मूळ दर ८८ मान्य केला आणि बदल्यात दोन गोष्टी मागितल्या. सरासरी तिमाहीऐवजी महिन्याची, म्हणजे उशीर तीन महिन्यांवरून एकावर. आणि रुपयातला कंटेनर कायम, नवा आकडा ४४ लाख, टाल्कच्या नव्या भावासह. त्याने पट्टा दोनऐवजी तीन टक्के करून घेतला. रिंगिटसाठी वेगळं कलम त्याने मागितलं नाही, आम्ही सुचवलंही नाही. मला वाटतं, पुढच्या वर्षी तो मागेल.

डिसेंबरात डॉलर नव्वदीपार गेला. पट्ट्याची वरची कड ९०.६४ होती आणि महिन्याची सरासरी तिच्या आत राहिली, त्यामुळे पुढच्या महिन्याचं डॉलरमधलं बिल पूर्ण ५०,००० चंच आलं. त्या महिन्याचा रुपयातला कंटेनर ४४ लाखांनाच सुटला.